विमानाचं तिकीट नो-कॉस्ट ईएमआयवर काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की आमच्या सोलापूरच्या तिकीट काउंटरवर एकच प्रश्न सारखा येतो: "चौघांचं तिकीट हप्त्यावर बसेल का, आणि खरंच व्याज नाही ना?" बसतं. पण ज्या रकमेला तिकीट पडेल असं वाटतं, त्याच रकमेला ते पडतं असं नाही. काउंटरवर घाईत नीट समजावता येत नाही, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.

आधी ते उदाहरण सांगा.

जुळे सोलापुरातलं चौघांचं कुटुंब. सोलापूरहून रेल्वेने पुणे आणि पुण्याहून विमानाने श्रीनगर, जाऊन-येऊन. विमानाच्या तिकिटांचे एकूण ६०,००० रुपये होतात. वेबसाइट क्रेडिट कार्डावर ६ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय दाखवते, महिना १०,००० रुपये. बँकेचा व्याजदर वर्षाला १६ टक्के, प्रोसेसिंग फी १९९ रुपये. त्याच कार्डाने सगळे पैसे एकदम भरले, तर कूपन टाकून २,००० रुपये सूट मिळते. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या बँकेचा दर आणि फी वेगळी असेल, हिशोबाची पद्धत मात्र हीच.

व्याज नाही म्हणतात, मग बँक फुकट पैसे देते का?

नाही. बँक व्याज पूर्ण घेते. फक्त तेवढीच रक्कम विक्रेता किंवा बँक सुरुवातीलाच सूट म्हणून कमी करते. आपल्या उदाहरणात कार्डावर ६०,००० नाही, ५७,२९७ रुपयेच लागतात. या ५७,२९७ वर १६ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज २,७०३ रुपये होतं. दोन्ही मिळून बरोबर ६०,००० होतात आणि त्याचे सहा हप्ते पडतात. म्हणून पडद्यावर "व्याज शून्य" दिसतं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं आणि अशा योजनांत व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली घेतलं जातं. पुढे २०२२ च्या क्रेडिट कार्डाच्या निर्देशांत नियम आला: ईएमआय करण्याआधी मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्टसाठी दिलेली सूट हे तिन्ही आकडे ग्राहकाला वेगवेगळे दाखवायचे, आणि बिलातही वेगळे दाखवायचे. पैसे भरण्याच्या पानावर हप्त्यांच्या तक्त्याखाली "तपशील पाहा" अशी बारीक ओळ असते, हे आकडे तिथे सापडतात. ती ओळ उघडल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

मग जास्तीचे पैसे लागतात ते कुठे?

पहिल्यांदा जीएसटीमध्ये. व्याजाएवढी सूट मिळाली तरी व्याज कागदावर आहेच, आणि क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ही सूट जीएसटीला लागू नसते, तो तुमच्याच खिशातून जातो. २,७०३ च्या व्याजावर तो ४८७ रुपये होतो. दुसरी प्रोसेसिंग फी: १९९ अधिक तिच्यावरचा जीएसटी, म्हणजे २३५ रुपये. दोन्ही मिळून ७२२.

पहिल्या बिलात हे असं दिसतं. मुद्दलाच्या ओळीत ९,२३६, व्याजाच्या ओळीत ७६४. इथपर्यंत बरोबर १०,०००. त्याखाली व्याजावरचा जीएसटी १३८, आणि आणखी खाली फी व तिच्यावरचा जीएसटी मिळून २३५. म्हणजे पहिला हप्ता १०,३७३ चा. पुढे व्याज उतरत जातं तसा जीएसटीही उतरतो, शेवटच्या महिन्यात तो २४ रुपयांच्या आसपास राहतो. कित्येक जण पहिलं बिल बघून "बँकेने फसवलं" म्हणत आमच्याकडे येतात. फसवलेलं नसतं. पण हा आकडा तिकीट काढतानाच मोठ्या अक्षरात दिसायला हवा होता, हे त्यांचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं.

सात-आठशे रुपयांसाठी एवढा विचार कशाला करायचा?

फक्त ७२२ रुपयांचाच प्रश्न असेल तर करू नका. सहा महिन्यांच्या सवलतीसाठी ही किंमत वाजवी आहे. खरा फटका बिलात कुठेच दिसत नाही, तो बसतो हातच्या गेलेल्या कूपनच्या सवलतीतून.

आपल्या कुटुंबाला एकदम पैसे भरून तिकीट ५८,००० ला पडत होतं. नो-कॉस्ट ईएमआय निवडला की बहुतेक ठिकाणी कूपनची चौकट बंद होते किंवा लावलेलं कूपन गुपचूप निघून जातं. म्हणजे तुलना ६०,७२२ आणि ६०,००० ची नाही, ६०,७२२ आणि ५८,००० ची आहे. फरक २,७२२ रुपये. ईएमआयच्या व्यवहारावर अनेक कार्डं रिवॉर्ड पॉइंटही देत नाहीत. तुम्ही पॉइंट वापरत असाल तर तेही यात धरा.

म्हणून आम्ही ग्राहकाला आधी एकच काम करायला लावतो. ईएमआयच्या टॅबकडे बघायचंच नाही. पूर्ण पैसे भरायचे आहेत असं समजून, कूपन लावून, शेवटच्या पानापर्यंत जायचं आणि तिथली रक्कम कागदावर लिहायची. ही तुमची रोख किंमत. मग मागे येऊन ईएमआय निवडायचा आणि सगळे हप्ते, फी, जीएसटी यांची बेरीज तिच्याशेजारी लिहायची.

याचा व्याजदर वर्षाला किती टक्के पडला, हे मला स्वतःला काढता येईल का?

येतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढं करा:

```
(जास्तीचे पैसे × २४००) ÷ (रोख किंमत × (हप्ते + १))
```

कूपन नसतंच, तर ७२२ × २४०० भागिले ६०,००० × ७, म्हणजे साधारण ४ टक्के. कूपन गेलं असेल तर २,७२२ × २४०० भागिले ५८,००० × ७, म्हणजे साधारण १६ टक्के. बँकेचा मूळ दर जेवढा होता, जवळपास तेवढाच. तिकीट तेच, हप्ते तेच आणि वर "नो-कॉस्ट" हेही तेच.

हे सूत्र अंदाजाचं आहे, पैशापर्यंत बरोबर येणार नाही. पण तीन ते बारा हप्त्यांसाठी निर्णय घ्यायला पुरतं. सात हा आकडा का, असं लोक विचारतात. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, त्यामुळे पूर्ण ६०,००० रुपये सहा महिने तुमच्याकडे राहत नाहीत, सरासरीने साडेतीन महिनेच राहतात. म्हणून "७२२ म्हणजे ६०,००० च्या सव्वा टक्काच" हा हिशोब चुकतो.

आमचं मत विचाराल तर, उत्तर पाच टक्क्यांच्या आत आलं आणि तुमचे पैसे बँकेत ठेवीवर त्याहून जास्त कमावत असतील, तर ईएमआय बिनधास्त घ्या. बारा-पंधराच्या पुढे गेलं तर ते साधं कर्ज आहे, आणि कर्ज काढून काश्मीरला जायचं का, हा विचार त्याच नजरेने करा.

एकदम पैसे भरून कूपन घेतलं आणि नंतर बँकेच्या अ‍ॅपवर ईएमआय केला तर?

ही वाट फार जणांना माहीत नाही. व्यवहार कार्डावर दिसू लागला की बँक तो हप्त्यांत बदलून देते. इथे नो-कॉस्टची सूट नाही, व्याज पूर्ण तुमचं. ५८,००० वर १६ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज २,७३६, त्यावरचा जीएसटी ४९२, फी २३५. एकूण ६१,४६३ रुपये. नो-कॉस्टच्या ६०,७२२ पेक्षा महाग. पण कूपन ३,००० चं असतं, तर हीच वाट ६०,४०८ ला पडली असती, म्हणजे नो-कॉस्टपेक्षा स्वस्त. तेव्हा दोन्हींचा हिशोब करा. आणि कूपनच्या अटींत "नंतर ईएमआय केल्यास सूट रद्द" असं लिहिलंय का, ते आधी वाचा.

मला फक्त महिना-सव्वा महिना निभावून न्यायचं आहे.

मग ईएमआयच्या वाटेला जाऊच नका. कार्डाचं बिल ज्या तारखेला तयार होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकीट काढा. तो खर्च पुढच्या बिलात येतो आणि वर भरण्याची मुदत मिळते. मिळून बहुतेक कार्डांवर ४५ ते ५० दिवस बिनव्याजी जातात. कूपनही हातात राहतं. अट एकच, मागची बाकी शून्य हवी आणि हे बिल पूर्ण भरायला हवं. मागची बाकी असेल तर नव्या खर्चाला बिनव्याजी मुदत मिळत नाही.

सूट लगेच मिळत नाही, नंतर कॅशबॅक येईल असं लिहिलं आहे. तेच ना?

तेच नाही. या प्रकारात कार्डावर पूर्ण ६०,००० लागतात, हप्ता १०,४७२ चा पडतो आणि २,८३१ रुपये व्याज तुम्ही खरोखर भरता. ते कॅशबॅकने परत येईल असं वचन असतं. व्याज जास्त म्हणून त्यावरचा जीएसटीही थोडा जास्त, ५१० रुपये. कॅशबॅक कार्डाच्या खात्यात येणार की त्या वेबसाइटच्या वॉलेटमध्ये, आणि कधी, हे अटींत बघा. वॉलेटमध्ये येणारे पैसे पुन्हा तिथेच खर्च करावे लागतात, त्यामुळे आम्ही ते रोखीइतके धरत नाही. अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

तिकीट रद्द केलं तर हप्तेही बंद होतात ना?

आपोआप होतातच असं नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. विमान कंपनीशी तुमचा व्यवहार वेगळा, बँकेशी वेगळा. बँकेच्या लेखी तुम्ही कर्ज घेतलंय. विमानात बसलात की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

समजा दोन हप्ते भरल्यावर घरात आजारपण आलं आणि चारही तिकिटं रद्द करावी लागली. माणशी ३,५०० रुपये रद्द-शुल्क धरलं तरी १४,००० गेले. बुकिंग करताना घेतलेली कन्व्हिनियन्स फी सहसा परत मिळत नाही. बाकीचा रिफंड कार्डावर जमा होतो. तो बिलात जमा म्हणून दिसतो, पण ईएमआयचं कर्ज तसंच उभं राहतं आणि पुढच्या महिन्यात हप्ता, व्याज, जीएसटी पुन्हा लागतात. जमा रकमेतून हप्ता वळता होत असल्यामुळे खिशातून काही जात नाही, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही. व्याज मात्र चालूच असतं.

हप्ते थांबवायचे तर बँकेला फोन करून किंवा अ‍ॅपमधून तसं सांगावं लागतं. दोन शब्द नीट वापरा. "व्यापाऱ्याने पैसे परत केले आहेत, त्या रिफंडवर ईएमआय रद्द करा" म्हणा. नुसतं "ईएमआय बंद करा" म्हटलंत तर ते मुदतपूर्व बंद करणं धरलं जाऊ शकतं, आणि त्यावर शुल्क लागतं. दोन हप्त्यांनंतर आपल्या उदाहरणात ३८,७०१ रुपये मुद्दल बाकी आहे. शुल्क ३ टक्के धरलं तर १,१६१ आणि जीएसटी २०९, म्हणजे १,३७० रुपये. रिफंडवरून रद्द करताना हे शुल्क न घेणाऱ्या बँका आहेत, पण काहींची मुदत ठरलेली असते. म्हणून रिफंडचा मेसेज आला त्याच दिवशी फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

सुरुवातीला मिळालेली २,७०३ रुपयांची सूटही रिफंडमधून कापली जाऊ शकते, कारण ती विक्री झाली म्हणून दिलेली होती. भरलेली प्रोसेसिंग फी आणि जीएसटी बहुधा परत येत नाही.

एक हक्क मात्र लक्षात असू द्या. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत. रद्द-शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त लावता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम आहे. लोक "नॉन-रिफंडेबल" वाचून रद्दच करत नाहीत आणि हेही पैसे सोडून देतात.

एखादा हप्ता चुकला तर?

हप्त्याची पूर्ण रक्कम बिलातल्या "किमान देय" मध्ये धरलेली असते. तेवढंही भरलं नाही तर उशिराचं शुल्क, त्यावर जीएसटी, आणि थकलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, १६ टक्के वर्षाचा तो दर इथे राहत नाही. शिवाय बाजारात केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ज्यांना हंगामावर पैसे मिळतात, त्यांनी ऑटो-पे लावताना "किमान" न निवडता "पूर्ण रक्कम" निवडावी.

क्रेडिट कार्ड नाही. डेबिट कार्ड ईएमआय किंवा "नंतर भरा" चालेल का?

चालेल, पण ते सरळ कर्ज आहे. बँक किंवा वित्त कंपनी ते तुमच्या नावावर देते आणि क्रेडिट अहवालात वेगळं खातं दिसतं. एक फायदा आहे: अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, तो क्रेडिट कार्डाच्याच व्याजावर आहे. फीवर मात्र जीएसटी लागतोच. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, शिल्लक नसेल तर बाउन्सचा दंड दोन्हीकडून बसू शकतो: कर्ज देणाऱ्याकडून आणि तुमच्या बँकेकडून.

इथे तुमच्या हातात एक चांगला कागद असतो, मुख्य तथ्य पत्रक. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, हे त्यात एका आकड्यात लिहावंच लागतं. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयला हे पत्रक लागू नाही, म्हणून तर वरचं सूत्र दिलं. अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जात विचार बदलण्यासाठी किमान एक दिवसाची मुदतही असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र जाऊ शकते.

कन्व्हिनियन्स फी, विमा, सीटचे पैसे हेही ईएमआयचेच का?

नाही, ते कसेही पैसे भरले तरी लागतात. पण हप्त्यात मिसळले की दिसत नाहीत. माणशी दोनशेचा विमा आधीच टिक करून ठेवलेला असेल, तर चौघांचे ८०० रुपये सहा हप्त्यांत वाटले जातात आणि कुणाला जाणवत नाहीत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, या दोन्ही गोष्टी नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरल्या आहेत. टिक काढा, तरी निघत नसेल तर स्क्रीनशॉट घेऊन तक्रार करा.

सोलापूर ते पुण्याचं रेल्वेचं तिकीटही हप्त्यावर काढू का?

नको. छोट्या रकमेवर २३५ रुपयांची फी म्हणजे हप्त्याची चैन. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे दिले तर कन्व्हिनियन्स फी विनावातानुकूलित वर्गाला १० आणि वातानुकूलितला २० रुपये. इतर मार्गाने १५ आणि ३०. वर जीएसटी, आणि तिकीट रद्द केलं तरी ही फी परत येत नाही.

एजंटकडे मशीनवर कार्ड स्वाइप करून ईएमआय केला तर वेगळं काही?

दोन गोष्टी बघा. काही जण कार्डाने पैसे घेताना दोन टक्के जास्त मागतात. ६०,००० वर ते १,२०० रुपये होतात, आणि नो-कॉस्टचा बराचसा फायदा तिथेच संपतो. रक्कम ठरण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून मागा. आम्हालाही विचारा. दुसरी गोष्ट, मशीनमधून निघणाऱ्या पावतीवर महिने, व्याजदर आणि हप्ता छापलेला असतो. सही करण्याआधी तो वाचा, कारण सहाऐवजी नऊ महिने दाबले गेले तर बदलून घ्यायला बँकेच्या मागे लागावं लागतं. ती पावती उन्हात आणि पाकिटात चार महिन्यांत कोरी होते, तेव्हा लगेच फोटो काढा.

बँकेने सांगितल्यापेक्षा जास्त पैसे लावले. कुठे जायचं?

आधी बँकेकडे लेखी तक्रार: अ‍ॅप किंवा ईमेल, तोंडी नको. सोबत बुकिंगच्या वेळचा हप्त्यांचा तक्ता आणि ज्या बिलात फरक आहे ते बिल जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार विमान कंपनी किंवा बुकिंग वेबसाइटबद्दल असेल, म्हणजे रिफंड अडला किंवा न मागता विमा लावला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. कोणाची चूक आहे हे कळत नसेल तर बिलातली ओळ बघा: जास्तीचे पैसे व्याज, जीएसटी किंवा फीच्या ओळीत असतील तर बँक, आणि मूळ व्यवहाराची रक्कमच जास्त असेल तर विक्रेता. बिल घेऊन काउंटरवर आलात तर ती ओळ शोधून द्यायला आम्ही बसलेलो आहोत, तिकीट आमच्याकडून काढलेलं नसलं तरी.